टॅब्लोमध्ये एक्स्ट्रॅक्ट की लाइव्ह?

टॅब्लोमध्ये लाइव्ह जोडणी ठेवली की डॅशबोर्ड उघडताना आणि फिल्टर बदलताना मूळ डेटाबेसला क्वेरी जाते. एक्स्ट्रॅक्टमध्ये मात्र डेटाची प्रत .hyper फाइलमध्ये साठवली जाते आणि उत्तरे तिथूनच मिळतात.

समजा, एका दुकानसाखळीच्या विक्रीच्या टेबलात पाच कोटी ओळी आहेत आणि बिलेही त्याच डेटाबेसवर बनतात. डॅशबोर्डवर आठ आलेख आहेत. सकाळी चाळीस व्यवस्थापकांनी तो एकदम उघडला, तर कॅशेची मदत न मिळाल्यास सुमारे ३२० क्वेरी जातात आणि काउंटरवरची बिले रखडतात. व्यवस्थापकांना कालपर्यंतची विक्री पुरत असेल, तर इथे एक्स्ट्रॅक्टच योग्य. तो रात्री ताजा करावा आणि त्यात गरजेचेच स्तंभ व दोनच वर्षांच्या ओळी घ्याव्यात.

रोज सगळा डेटा ओढणे जड जाते, म्हणून इन्क्रिमेंटल रिफ्रेश वापरतात. तो तारखेसारख्या एखाद्या स्तंभावरून फक्त नव्या ओळी जोडतो. खरी फसगत इथेच होते: मागच्या आठवड्यातले बिल रद्द झाले, तरी एक्स्ट्रॅक्टमध्ये ते तसेच राहते. एखाद्या जुन्या दिवसाची बेरीज मूळ टेबलाशी ताडून पाहिली की फरक दिसतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा पूर्ण रिफ्रेश ठेवावा.

शिल्लक मालाचा आकडा मात्र मिनिटागणिक बदलतो. त्यासाठी लाइव्हच हवे, पण बिलिंगच्या डेटाबेसवर नव्हे, तर त्याच्या वाचनापुरत्या प्रतिकृतीवर.