समाकलक गुणक

पहिल्या क्रमाचे एकघाती अवकल समीकरण y′ + P(x)y = Q(x) या रूपात मांडता येते. येथे P आणि Q ही केवळ x या चलाची फलने आहेत. डाव्या बाजूस y व तिचा अवकलज अशी दोन पदे असल्यामुळे समीकरणाचे सरळ समाकलन करता येत नाही. ज्या फलनाने गुणल्यास ही अडचण दूर होते त्यास समाकलक गुणक म्हणतात.

या गुणकाचे मर्म गुणाकाराच्या अवकलनाच्या नियमात आहे. μ हे x चे कोणतेही फलन घेतल्यास (μy)′ = μy′ + μ′y होते. समीकरणास μ ने गुणले असता डावी बाजू μy′ + μPy होते. या दोन राशी समान होण्यास μ′ = μP एवढी एकच अट पुरते. या अटीत अज्ञात y कोठेच येत नाही. चल विभक्त करून तिची उकल μ = e^(∫P dx) अशी मिळते. या समाकलनातील स्थिरांक लिहिण्याची गरज नसते. त्यामुळे μ ला एक स्थिर गुणक लागतो व तो दोन्ही बाजूंतून निघून जातो.

उदाहरणादाखल, एका टाकीत १०० लिटर गोडे पाणी आहे. तीत दर मिनिटास ३ लिटर मिठाचे पाणी येते. त्याच्या प्रत्येक लिटरात २० ग्रॅम मीठ आहे. चांगले ढवळलेले मिश्रण मिनिटास २ लिटर या वेगाने बाहेर जाते. t मिनिटांनंतर टाकीत 100 + t लिटर पाणी असते. त्यात y ग्रॅम मीठ असल्यास

y′ + 2y/(100 + t) = 60

येथे ∫P dt = 2 log(100 + t), म्हणून μ = (100 + t)². गुणाकारानंतर

[(100 + t)² y]′ = 60(100 + t)²

(100 + t)² y = 20(100 + t)³ + C

आरंभी y = 0 असल्यामुळे C = −20 × 100³ येतो आणि

y = 20(100 + t) − 20 × 100³/(100 + t)²

१०० मिनिटांनी टाकीतील २०० लिटर पाण्यात ४००० − ५०० = ३५०० ग्रॅम मीठ असते, म्हणजे लिटरास १७.५ ग्रॅम. हे प्रमाण २० च्या जवळ जात राहते, पण तेथे पोहोचत नाही.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे C हा μ ने भागल्यानंतर मिळविणे. तसे केल्यास येथे y = 20t मिळते. हे उत्तर आरंभीची अट पाळते, म्हणून फसवे आहे. परंतु त्यानुसार पहिल्या क्षणी मीठ मिनिटास २० ग्रॅम वाढावयास हवे, तर टाकीत प्रत्यक्षात ६० ग्रॅम येत असते व बाहेर काहीच जात नसते. याकरिता उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणे इष्ट. तसेच y′ चा सहगुणक १ केल्याशिवाय P ओळखू नये.

समीकरणात y² सारखे पद असल्यास μ ची अट y पासून मुक्त राहत नाही व ही रीत जशीच्या तशी चालत नाही. मात्र y′ + Py = Qyⁿ हे बेर्नुली समीकरण (n ≠ 0, 1) v = y^(1−n) या आदेशाने एकघाती होते आणि मग वरील गुणक त्यास लागू पडतो.