मोबाइल फोनवरील मंदगती चित्रण

नळाच्या तोटीतून सुटलेला पाण्याचा थेंब सुमारे ४५ सेंटिमीटर खाली ठेवलेल्या वाटीतील पाण्यावर आदळतो, तेव्हा पृष्ठभागावर क्षणभर पाण्याचा एक मुकुट उभा राहतो. काही शतांश सेकंदांतच तो उमलतो आणि मावळतो. साध्या दृष्टीस तो दिसत नाही, परंतु आजच्या अनेक मोबाइल फोनांतील कॅमेऱ्याने तो टिपता येतो. हे कसे घडते, आणि असे चित्रण पडद्यावर सुरळीत दिसावे म्हणून संपादनात कोणती काळजी घ्यावी लागते, याचा विचार या थेंबाच्याच उदाहरणाने करू.

चलत्चित्र म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे होत. अशा प्रत्येक चित्रास चौकट किंवा फ्रेम म्हणतात. सामान्य चित्रणात फोन दर सेकंदास बहुधा ३० चौकटी घेतो आणि पडद्यावर तितक्याच दाखवितो. मंदगती चित्रणात तो सेकंदास २४० चौकटी घेतो, पण त्या ३० च्याच वेगाने दाखविल्या जातात. म्हणून घटना आठपट संथ दिसते. ४५ सेंटिमीटर पडण्यास थेंबाला सुमारे ०.३ सेकंद लागतो. साध्या चित्रणात या पतनाच्या अवघ्या ९ चौकटी मिळतात, तर मंदगती चित्रणात ७२ मिळतात. मुकुटाची अवस्था साध्या चित्रणात एखाद्याच चौकटीत सापडते, किंवा दोन चौकटींच्या मधे सर्वस्वी निसटून जाते.

तथापि चौकटींची संख्या वाढविली म्हणजे चित्र स्पष्ट होतेच असे नाही. वाटीजवळ पोहोचताना थेंबाचा वेग सेकंदास जवळजवळ ३ मीटर असतो. चौकट १/२४० सेकंदभर उघडी राहिली, तर तेवढ्या वेळात थेंब सुमारे १२ मिलिमीटर सरकतो आणि थेंबाऐवजी पाण्याची एक रेघ उमटते. तोच काळ १/२००० सेकंद केला, तर हे सरकणे दीड मिलिमीटरवर येते व थेंब गोल दिसतो. परंतु इतक्या अल्प काळात कॅमेऱ्यात प्रकाशही थोडाच शिरतो. यास्तव असे चित्रण सकाळच्या स्वच्छ उन्हात करावे. वाटीमागे काळा कागद उभा करावा, आणि ऊन बाजूने किंवा किंचित मागून येईल असे पाहावे. फोन हातात न धरता टेकू देऊन स्थिर ठेवावा. थेंब जेथे पडणार तेथे एक काडी धरून कॅमेऱ्याचा रोख तिच्यावर जुळवावा, आणि पडद्यावर बोट काही वेळ दाबून ठेवून रोख व प्रकाश कायम करावेत. मग काडी काढून घ्यावी.

घरातील दिव्यांच्या प्रकाशात एक निराळीच अडचण येते. भारतातील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो, त्यामुळे पुष्कळ दिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीअधिक होतो. डोळ्यांस हे जाणवत नाही. परंतु आठपट संथ केलेल्या चित्रात ही लुकलुक सेकंदास सुमारे साडेबारा वेळा होऊन स्पष्ट दिसते. सारे चित्र एकसारखे उजळत व अंधारत असेल, तर दोष फोनचा नसून दिव्याचा आहे असे समजावे.

आता संपादनाकडे वळू. संपूर्ण चित्रण आठपट संथ ठेवले, तर थेंब तोटीशी लोंबत असतानाचा कंटाळवाणा काळही आठपट लांबतो. म्हणून आरंभ नेहमीच्या वेगाने दाखवून आदळण्याच्या सुमारास गती मंद करतात. नेहमीच्या वेगासाठी संपादनाचा कार्यक्रम २४० पैकी दर आठवी चौकट उचलतो. पूर्ण मंदगतीत तो प्रत्येक चौकट घेतो. म्हणजे गती बदलणे याचा अर्थ चौकटींवरून टाकलेल्या पावलाची लांबी बदलणे इतकाच आहे.

हे पाऊल आठावरून एकदम एकावर आणले, तर काय होते? आदळण्यापूर्वी पडद्यावरील लागोपाठच्या दोन चित्रांत थेंब ९-१० सेंटिमीटर सरकत असतो. पुढच्याच चित्रात तो जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो. थेंब हवेतच अडखळल्याचा भास होऊन प्रेक्षकास हिसका बसतो. यावर उपाय असा की, पाऊल क्रमाक्रमाने आखूड करावे: ७, ७, ७, ६, ६, ५, ४, ३, ३, २, २, २. येथे आरंभी व अखेरीस बदल सावकाश होतो, मधे काहीसा जलद होतो. संपादनाच्या कार्यक्रमात गतीची रेषा काढलेली असते. तिचे दोन्ही कोपरे गोल केले म्हणजे हाच परिणाम साधतो. सरळ उतरत्या रेषेने हिसका कमी होतो, पण तिच्या दोन टोकांशी तो थोडा उरतोच.

वरील बारा पावलांची बेरीज ५४ होते. पडद्यावर या संक्रमणास १२ चित्रे, म्हणजे ०.४ सेकंद लागतात, परंतु मूळ चित्रणातील ५४ चौकटी त्यात खर्च होतात. थेंब सुटल्यापासून ७२ व्या चौकटीस तो आदळतो. संक्रमण सुटल्यानंतरच्या १० व्या चौकटीपासून सुरू केले, तर ते ६४ व्या चौकटीस पूर्ण होते आणि आदळण्यापूर्वीच्या ८ चौकटी पूर्ण मंदगतीत मिळतात. नवशिके संक्रमण आदळण्याच्या क्षणीच सुरू करतात. मग मुकुटाच्या चौकटी लांब पावलांखाली सापडून वगळल्या जातात, आणि मंदगती लाभते ती नुसत्या तरंगांना.

पाऊल अडीचचे आले, तर मात्र साडेतीन किंवा साडेआठ क्रमांकाची चौकट लागते, आणि ती अस्तित्वात नसते. पूर्ण मंदगतीहूनही अधिक संथ करू गेल्यास हीच उणीव पदोपदी भासते. कार्यक्रम तेव्हा तीनांपैकी एक मार्ग धरतो. जवळची चौकट घेतल्यास चाल किंचित अडखळते. दोन चौकटी मिसळल्यास एका थेंबाचे दोन पुसट थेंब दिसतात. तिसऱ्या मार्गात दोन चौकटींतील हालचालीचे गणित करून मधली चौकट नव्याने रचली जाते; यास ऑप्टिकल फ्लो म्हणतात. एकसंध, सावकाश सरकणाऱ्या वस्तूसाठी ही रीत चांगली चालते. परंतु मुकुटाच्या कडेवरून फुटणारा तुषार आधीच्या चौकटीत नसतोच. त्याची जोडी न सापडल्याने कडा वितळल्यासारख्या व वाकड्या दिसतात.

काही फोन मंदगतीच्या मोठ्या आकड्यांसाठी अशा रचलेल्या चौकटी स्वतःच घालतात. याची परीक्षा पडणाऱ्या थेंबावरच करता येते. चित्रण एकेक चौकट पुढे सरकवून थेंबाचे स्थान मोजावे. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत असल्याने लागोपाठच्या चौकटींतील अंतरही हळूहळू वाढत गेले पाहिजे. थेंब मधेच दोन चौकटींत एकाच जागी आढळला, तर चौकट पुन्हा वापरली आहे. त्याची कड विरघळलेली दिसली, तर ती बहुधा रचलेली आहे. करमणुकीच्या चित्रात अशा चौकटींनी बिघडत नाही. परंतु मुकुटावर किती तुषार उठले हे मोजावयाचे असेल, तर कॅमेऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेल्या चौकटीच गणतीत धराव्यात, कारण रचलेल्या चौकटीतील तुषार पाण्याचा नसून गणिताचा असतो.