फोटो फ्रेममध्ये लावायचा असेल तर

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो आहे. हॉलमधल्या पिवळ्या उजेडात काढलेला, मागे झगमगती आरास आणि आजोबांचा चेहरा मात्र काळवंडलेला. तो सुधारून दहा बाय आठ इंचांच्या फ्रेममध्ये लावायचा आहे. त्यासाठी फुकटातलं कोणतं अ‍ॅप घ्यावं?

माझी पहिली पसंती गूगलच्या स्नॅपसीडला. त्यात ‘सिलेक्टिव्ह’ नावाचं साधन आहे. आजोबांच्या गालावर बोट टेकवलं की तिथे एक ठिपका येतो. दोन बोटं जवळ-लांब करून त्याचा परिसर ठरवायचा आणि बोट उजवीकडे सरकवून तेवढाच भाग उजळायचा. मात्र हात आखडता ठेवावा, कारण गडद भाग फार उजळला की त्यात रवाळ ठिपके दिसू लागतात. स्नॅपसीडमध्ये जाहिराती नाहीत आणि फोटोवर अ‍ॅपचा शिक्काही येत नाही.

कॅनव्हा शिकायला याहूनही सोपं आहे, पण ते मुळात पत्रिका आणि पोस्ट तयार करण्याचं साधन आहे. त्यातलं पैसे मोजून घ्यायचं एखादं फूल किंवा चौकट फुकट खात्यातून वापरली, तर त्यावर वॉटरमार्क राहतो. दुसरी अडचण आकाराची. इन्स्टाग्रामसाठीच्या 1080 बाय 1080 पिक्सेलच्या चौकटीत फोटो बसवला, तर बाहेर पडतो तोही तेवढाच. चांगल्या छपाईला इंचामागे सुमारे 300 पिक्सेल लागतात, म्हणजे हा फोटो जेमतेम साडेतीन इंचांपर्यंत स्वच्छ उमटेल. 12 मेगापिक्सेलच्या फोनमधला मूळ फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो आणि दहा बाय आठला तो सहज पुरतो. म्हणून स्नॅपसीडच्या सेटिंग्जमध्ये आकार कमी करण्याचा पर्याय निवडलेला नाही ना, ते पाहावं. फोटो साठवल्यावर गॅलरीत त्याचा तपशील उघडून पिक्सेल मोजावेत. स्क्रीनवर दोन्ही सारखेच छान दिसतात.

आता माहितीचा प्रश्न. स्नॅपसीडचं हे काम फोनमध्येच होतं, इंटरनेट बंद ठेवूनही चेहरा उजळतो. कॅनव्हाला खातं लागतं आणि फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो. चेहरे बदलणाऱ्या फेसअ‍ॅपवर 2019 मध्ये याच कारणाने वादळ उठलं होतं. प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर ‘Data safety’ हा भाग असतो. तो जरूर वाचावा, पण तो अ‍ॅप बनवणाऱ्यांनी स्वतःच भरलेला असतो, हे ध्यानात ठेवावं. नव्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनवर अ‍ॅपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटोच दाखवता येतात. परवानगी मागितली जाते तेव्हाच तो पर्याय घ्यावा आणि आजोबांचा एकच फोटो निवडावा.