विशेषणं खोडल्यावर उरते ती चप्पल

‘अस्सल, दर्जेदार, आकर्षक आणि आरामदायी कोल्हापुरी चप्पल. दर्जेदार चामडं, आकर्षक रंग, अस्सल परंपरा.’ ऑनलाइन दुकानांत अशा छापाची वर्णनं पानोपानी दिसतात. ‘चप्पल’च्या जागी ‘पर्स’ टाकली तरी मजकूर जवळपास तसाच चालतो. दोष नेमका इथेच आहे.

दुरुस्ती खोडण्यापासून सुरू होते. सगळी विशेषणं काढली की हाती जवळजवळ काहीच उरत नाही. मग प्रत्येक विशेषणाला पुरावा मागायचा. ‘अस्सल’ कशावरून? कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांपुरतं. ‘दर्जेदार’ म्हणजे काय? चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, शिवण हाताची. उत्तरं कारागिराकडून घ्यायची. जे त्या जोडाला लागू नाही, ते लिहायचं नाही.

‘आरामदायी’ इथे अडखळतं, कारण नवी कोल्हापुरी चावते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं.

नवा मजकूर असा होतो: ‘बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, हातशिलाई. सुरुवातीला थोडी चावेल. पट्ट्यांना आतून खोबरेल लावा, हळूहळू पायाला बसेल. पावसात मात्र घालू नका.’

यात एकही स्तुती नाही. उणीव आधीच सांगितल्याने बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो आणि चुकीच्या अपेक्षेने घेतलेले जोड परत येण्याची शक्यताही घटते.