गोळी लागल्यानंतरचा अर्धा सेकंद

व्हिडिओ गेममधले पात्र चालते, धावते, दार उघडते, तेव्हा त्याच्या हालचाली ॲनिमेटरने आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. पात्राच्या कातडीखाली हाडांचा एक सांगाडा असतो. ठरावीक क्षणी प्रत्येक हाड कोणत्या कोनात असावे हे ॲनिमेटर नेमून देतो आणि मधली हालचाल संगणक भरून काढतो. या नेमलेल्या क्षणांना कीफ्रेम म्हणतात. अशा हालचालीत अभिनय असतो, पात्राचा स्वभाव उतरतो. पण तिला आजूबाजूच्या जगाची काहीच खबर नसते. मरून मागे पडण्याचे ॲनिमेशन सपाट जमिनीसाठी केलेले असेल, तर जिन्यात मेलेले पात्रही तसेच सपाट आडवे होते आणि त्याचे अर्धे शरीर पायऱ्यांच्या वर अधांतरी राहते.

रॅगडॉलची रीत याच्या अगदी उलट आहे. तिथे शरीराचे पंधरा-वीस तुकडे कल्पिलेले असतात. प्रत्येकाला वजन असते, दोन तुकड्यांमध्ये सांधा असतो आणि सांध्याला मर्यादा असते: गुडघा मागेच दुमडतो, मान काही अंशांपलीकडे वळत नाही. बाकी सारे गुरुत्वाकर्षण आणि टक्कर ठरवतात. कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्ह कंपनीच्या ‘हिटमॅन: कोडनेम 47’ या 2000 सालच्या गेममध्ये मेलेले शरीर असे खरोखर कोसळताना आणि ओढून नेताना दिसले. त्यामागची पद्धत थॉमस याकोबसेन यांनी पुढच्याच वर्षी एका निबंधात मांडली. मात्र रॅगडॉलला स्नायू नसतात. नुसत्या रॅगडॉलवर सोडलेले पात्र गोळी लागताक्षणी असे गळून पडते, की ते क्षणापूर्वी जिवंत होते यावर विश्वासच बसत नाही. म्हणून दोन्ही पद्धती मिसळाव्या लागतात. शरीराच्या कोणत्या भागात, किती प्रमाणात आणि किती वेळ मिसळायच्या, यावरच सगळा परिणाम अवलंबून असतो.

एक पहारेकरी सेकंदाला 5 मीटर वेगाने धावत आहे असे धरू. पहिली गोळी त्याच्या डाव्या खांद्याला लागते आणि तो धडपडत पुढे धावतो. दुसरी छातीत लागते आणि तो मरतो. दोन्ही वेळा कीफ्रेमकडून भौतिकीकडे काहीतरी सोपवायचे आहे, आणि सर्वांत आधी सोपवायचा तो वेग. ॲनिमेशनला हाडांच्या जागा आणि कोन माहीत असतात, वेग माहीत नसतो. नुसती जागा सोपवली, तर धावणारा माणूस जागच्या जागी थबकून सरळ खाली पडतो. त्यासाठी गेम आधीच्या फ्रेममधली प्रत्येक हाडाची स्थिती लक्षात ठेवतो, तिची आताच्या स्थितीशी तुलना करतो आणि आलेल्या फरकाला मधल्या वेळाने भागतो. सेकंदाला 60 फ्रेम असतील, तर आपल्या पहारेकऱ्याची कंबर एका फ्रेममध्ये सुमारे 8 सेंटिमीटर सरकते. जमिनीवर टेकलेला पाय मात्र जवळपास स्थिर असतो आणि हवेतला पाय कमरेपेक्षाही वेगाने पुढे येत असतो. हे वेगळे वेग ज्याचे त्याला दिले, की टेकलेल्या पायावरून शरीर पुढे कलंडते. ते मुद्दाम घडवावे लागत नाही. सगळ्या भागांना एकच सरासरी वेग देण्याचा सोपा मार्ग बरेचजण घेतात, पण त्यात नेमके हेच हरवते.

भागाकारात वेळ खराच वापरायला हवा. संगणक क्षणभर अडखळून एक फ्रेम सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी लांबली आणि हिशेब मात्र साठाव्या भागाने केला, तर वेग सहापट निघतो आणि मृतदेह रस्त्यापलीकडे उडतो. कधीतरीच, आणि संगणकावर ताण असतानाच शरीर असे उडत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

दुसरा एक दोष याच्यासारखाच दिसतो, पण त्याचे मूळ सांध्यांत असते. पोज ठसठशीत दिसावी म्हणून ॲनिमेटर कधी कधी खांदा मर्यादेपलीकडे वळवतो. भौतिकी सुरू होताच तिला सांध्याची मर्यादा मोडलेली दिसते आणि ती एका फटक्यात दुरुस्त करायला जाते. हात झटक्याने भिरकावला जातो. हा दोष ओळखायला सोपा आहे. खेळ मंद गतीने पाहिला तर झटका पहिल्याच फ्रेममध्ये दिसतो आणि गोळी कोणत्याही दिशेने आली तरी तोच हात उडतो. यावर उपाय म्हणजे पात्राच्या सर्व ॲनिमेशनमधले टोकाचे कोन मोजून सांध्याच्या मर्यादा तेवढ्या सैल ठेवायच्या, किंवा सुरुवातीला सैल ठेवून सेकंदाच्या काही दशांशांत आवळत न्यायच्या. एकमेकांत घुसलेल्या मांड्यांमुळे, किंवा चालण्यासाठी पात्राभोवती ठेवलेले अदृश्य कवच बंद करायचे राहिल्यामुळेही असाच स्फोट होतो.

आता पहिली गोळी. पहारेकरी जिवंत आहे, तेव्हा त्याला स्नायू हवेत. त्यासाठी प्रत्येक सांध्यात एक काल्पनिक मोटर बसवतात. ॲनिमेशनमधला कोन आणि सांध्याचा आताचा कोन यांत जितका फरक, तितक्या जोराने ती सांध्याला ॲनिमेशनकडे ओढते. या ओढीला ताठपणा म्हणू. शिवाय सांधा जितक्या वेगाने फिरत असेल, तितका विरोधही ती करते, ते अवमंदन. व्हिक्टर झोर्डन आणि जेसिका हॉजिन्स यांनी 2002 साली माणसांच्या टिपलेल्या हालचालींना याच मार्गाने धक्के सोसायला शिकवले. ताठपणा भरपूर असेल तर शरीर ॲनिमेशन तंतोतंत पाळते, शून्य असेल तर निव्वळ रॅगडॉल उरते. अवमंदन कमी पडले की हात झोपाळ्यासारखा मागेपुढे होत राहतो, जास्त झाले की हालचाल जड होते. शिवाय मनगट हलके आणि पाठीचा कणा भारी, त्यामुळे दोघांना एकच ताठपणा देऊन चालत नाही; कण्याला पुरेल इतका ताठपणा मनगटाला दिला तर ते थरथरू लागते.

गोळीचा धक्का किती द्यायचा, इथे खरे भौतिकशास्त्र फारसे उपयोगी पडत नाही. 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 400 मीटर वेगाने आली आणि शरीरात रुतली, तर 80 किलोच्या माणसाच्या वेगात सेकंदाला केवळ 4 सेंटिमीटरचा फरक पडतो. माणूस कोसळतो तो जखमेमुळे. गोळीचा धक्का त्याला पाडण्याइतका मोठा नसतो. पण तोच धक्का 2 किलोच्या दंडाला एकट्याला दिला, तर दंड सेकंदाला 1.6 मीटर वेगाने मागे फेकला जातो आणि आपली गोळी लागली हे खेळणाऱ्याला स्पष्ट दिसते. म्हणून धक्का ज्या भागाला लागला त्यालाच दिला जातो, बहुतेकदा थोडा वाढवूनही, पण कमाल मर्यादा घालून. बंदुकीच्या छऱ्यांनी एकाच क्षणी आठ-दहा धक्के दिले की ही मर्यादा किती गरजेची आहे ते कळते.

पहारेकऱ्याच्या बाबतीत भौतिकी फक्त छाती, मान आणि डाव्या हातापुरती चालू होते. कंबर आणि पाय कीफ्रेमकडेच राहतात, म्हणून तो धावत राहतो. खांद्याचा ताठपणा एक तृतीयांशावर येतो, कण्याचा निम्म्यावर. त्याच वेळी मिश्रणाचे वजन, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या पोजमधला भौतिकीचा वाटा, दोन-तीन फ्रेममध्ये शून्यावरून एकावर जाते आणि मग सुमारे 0.4 सेकंदात हळूहळू शून्यावर परतते. हे मिश्रण सांध्यांच्या कोनांचे करायचे असते, जागांचे नव्हे. एका पोजमध्ये कोपरापासून मनगट पुढे आणि दुसरीत काटकोनात वर असेल, तर दोन जागांच्या मधोमध घेतलेले मनगट कोपरापासून मूळ लांबीच्या फक्त 0.7 पट अंतरावर येते. म्हणजे हात चक्क आखडतो. कोन मिसळले की लांबी कायम राहते.

कोनांच्या मिश्रणालाही एक मर्यादा आहे. अर्ध्या वजनाची पोज ॲनिमेशनचीही नसते आणि भौतिकीचीही नसते. भौतिकीने भिंतीबाहेर अडवून धरलेला हात मिश्रणानंतर भिंतीच्या आत दिसू शकतो. म्हणून धक्का ओसरेपर्यंत वजन पूर्ण एक ठेवून मोटरींचा ताठपणा वाढवत शरीर ॲनिमेशनकडे आणणे आणि दोन्ही पोज जवळ आल्यावरच वजन उतरवणे, हा क्रम जास्त भरवशाचा आहे. परतीच्या वाटेवर पुन्हा गोळी लागली तर सुरुवात त्या क्षणीच्या पोजपासून आणि त्या क्षणीच्या वजनापासून करायची. नाहीतर मशिनगनच्या माऱ्यात पात्र प्रत्येक गोळीला मूळ पोजमध्ये उडी मारून परत येते.

दुसऱ्या गोळीला कंबर आणि पायही भौतिकीच्या हवाली होतात, पण मोटरी लगेच बंद करत नाहीत. मरण्याचे छोटे ॲनिमेशन, जसे छातीकडे जाणारा हात किंवा वाकणारी पाठ, त्यांच्यापुढे लक्ष्य म्हणून ठेवतात आणि ताठपणा 0.3 ते 0.6 सेकंदात शून्यावर आणतात. ॲनिमेटरचा अभिनय पडताना काही क्षण टिकतो, आणि पडण्याची दिशा, पायऱ्या, कठडा यांचा निवाडा भौतिकी करते. इथे गुडघ्यांकडे खास लक्ष द्यावे लागते. मोटर सांधा वळवते, तोल सांभाळत नाही. पायांचा ताठपणा शेवटपर्यंत राहिला तर माणूस न वाकता ताठच्या ताठ आडवा पडतो. म्हणून गुडघे सर्वांत आधी सैल सोडतात, कणा आणि हात त्यानंतर. डोक्यात गोळी लागली असेल तर मात्र सगळे एकदम शून्यावर आणणेच योग्य. नॅचरलमोशन कंपनीच्या युफोरिया तंत्राने या पुढचे पाऊल टाकले: 2008 सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 4’मध्ये पात्र तोल सावरण्यासाठी पाऊल टाकते, हात पुढे करते, आणि मोटरींची लक्ष्ये त्या क्षणीच ठरतात.

मेलेला पहारेकरी पडूनच राहतो. स्फोटाने नुसता खाली पडलेला साथीदार मात्र पुन्हा उठायला हवा, आणि त्यासाठी उलटा प्रवास करावा लागतो. रॅगडॉल घरंगळत कुठेतरी गेलेले असते, पण गेमच्या लेखी पात्राची जागा अजून मूळचीच असते. ती आधी कमरेच्या खाली आणतात. कमरेची पुढची बाजू आकाशाकडे आहे की जमिनीकडे यावरून उताणे उठायचे की पालथे, ते ॲनिमेशन निवडतात. मग पडलेल्या शरीराची पोज गोठवून तिचे उठण्याच्या पहिल्या पोजशी अर्ध्या सेकंदात मिश्रण करतात. दोन्ही पोज एकमेकींसारख्या असतील तर हे खपून जाते. पाय पोटाखाली दुमडून पडलेले असतील, तर ते जमिनीतून सरकताना दिसतात. अशा वेळी भौतिकी चालूच ठेवून मोटरींच्या जोरावर शरीर आधी उठण्याच्या पहिल्या पोजपर्यंत ओढतात, हातपाय जमिनीला टेकतच तिथे पोहोचतात, आणि त्यानंतरच पात्र कीफ्रेमच्या स्वाधीन होते.