ओटीपीचं तिकीट कधी बंद करायचं?

सॉफ्टवेअर कंपनीत प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. समजा, त्यावर एवढंच लिहिलंय: ‘ग्राहकाला ओटीपी टाकून लॉगिन करता यावं.’ डेव्हलपर कोड लिहितो, त्याच्या फोनवर ओटीपी येतो, लॉगिन होतं, त्याच्या लेखी काम संपलं. टेस्टर तासाभराने तोच ओटीपी टाकते, आणि तोही चालतो! हा दोष म्हणायचा का? तिकीट गप्प, म्हणून वाद सुरू.

तो टाळायचा तर स्वीकृतीचे निकष कोड लिहिण्याआधी डेव्हलपर, टेस्टर आणि काम सांगणारा, अशा तिघांनी बसून ठरवावेत. निकषात आधीची स्थिती, कृती आणि डोळ्यांना दिसणारा परिणाम हवा. उदाहरणार्थ: ओटीपीला ५ मिनिटं उलटून गेल्यावर ग्राहकाने तो टाकला, तर लॉगिन होऊ नये आणि ‘मुदत संपली, नवा ओटीपी मागवा’ असा संदेश दिसावा. नवा मागवला की जुना रद्द.

पण ही ५ मिनिटं मोजायची कधीपासून? हा प्रश्न बहुधा टेस्टरच काढतात. एसएमएस कधीकधी रेंगाळतो आणि तो ग्राहकाला नेमका कधी मिळाला, याची सर्व्हरला खात्री नसते. म्हणून ‘सर्व्हरने ओटीपी तयार केल्यापासून’ असं स्पष्ट लिहावं.

‘लॉगिन जलद व्हावं’ हा निकष नव्हे, कारण तो तपासून हो किंवा नाही म्हणता येत नाही. ओटीपी कोणत्या टेबलात साठवायचा, हेही इथे नको. तो डेव्हलपरचा प्रांत. आणि निकषांची यादी लांबतच चालली, तर मला शंका येते की एका तिकिटात दोन कामं कोंबली आहेत.