निर्णयांची वही

एका प्राथमिक शिक्षकाच्या १९२१ ते १९३८ या काळातील रोजनिश्यांचे संपादन मी सहा वर्षे करीत होतो. तिसऱ्या वर्षी ध्यानात आले की पहिल्या भागाच्या टिपांत मी ‘खरेदी-विक्री’ लिहिले होते आणि चौथ्या भागात ‘खरेदीविक्री’. दोन्ही रूपे चालतात. पण मध्येच का बदलले, हे मलाच सांगता येईना. त्या दिवशी मी एक वही घातली. संपादनात तिला ‘स्टाइल शीट’ म्हणतात.

पहिली नोंद कोणत्याही शब्दाची नव्हती. शासनमान्य लेखननियमांत चिपळूणकरपूर्व गद्य मुळानुसार छापण्याची तरतूद आहे. गुरुजींचे लेखन त्यानंतरचे, म्हणून ते आजच्या नियमांनी छापावे लागले असते; तरी मी वेगळा निर्णय घेतला. रोजनिशीचा मजकूर मुळाबरहुकूम ठेवायचा आणि प्रस्तावना, टिपा व सूची आजच्या नियमांनी लिहायची, असे ठरवले. त्यामुळे गुरुजींचा ‘एकादा’ तसाच राहिला. माझ्या टिपेत मात्र ‘एखादा’ आला.

पुढे प्रत्येक शब्दासाठी चार रकाने केले: ठरलेले रूप, सामान्यरूप, कारण आणि शब्द प्रथम आलेले पान. सामान्यरूपाचा रकाना एका चुकीनंतर आला. टिपांत ‘सोलापुर’ आणि ‘सोलापूर’ असे दोन्ही पडले होते. नियमानुसार गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ, म्हणून मी संगणकावर एका आज्ञेत सगळे ‘सोलापुर’ बदलले. त्याबरोबर बरोबर असलेले ‘सोलापुरात’ही ‘सोलापूरात’ झाले. ‘पूरात’ एवढाच तुकडा शोधून ती रूपे सापडली. आता वहीत ‘सोलापूर, सोलापूरला, सोलापूरहून, पण सोलापुरात’ अशी पूर्ण ओळ आहे, आणि बदल एकेक पाहूनच करतो.

जोडरेघेचा प्रश्न नावाशी जाऊन भिडला. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने ओळखता येते. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून सामान्य अर्थी ‘खरेदी-विक्री’ रेघेसह आणि संस्थेचे नाव तिच्या मूळ कागदावर असेल तसे, असे ठरवले. गुरुजींच्या तालुक्यातील संघ रेघेशिवाय लिहीत असे. पुस्तकाच्या शेवटी इंग्रजी गोषवारा होता. तिथे मोठ्या अक्षराचा प्रश्न आलाच: ‘कलेक्टर’ हे पद व्यक्तीच्या नावाआधी आले तर मोठे अक्षर, नुसते आले तर लहान.

निर्णय बदलला तर जुनी नोंद खोडत नाही. तिच्यावर रेघ मारून तारीख घालतो आणि रकान्यातल्या पानापासून मजकूर पुन्हा तपासतो.

एवढे करूनही एक चूक झालीच. मुद्रितशोधकांकडे मी मुद्रिते पाठवली, वही पाठवली नाही. त्यांनी गुरुजींचा ‘एकादा’ तीन ठिकाणी ‘एखादा’ केला. नियमाने त्यांचे बरोबरच होते. दुसऱ्या मुद्रितांबरोबर मी वहीची नक्कलही पाठवली.